'एसटी' म्हणजे कोणती एसटी?

दिवाळीच्या तोंडावर एक वाचक ग्रंथालयातल्या संगणकावर वर्तमानपत्रांचा जुना-नवा संग्रह उघडतो आणि 'एसटी आरक्षण' असे टाइप करतो. गावाकडे जाणाऱ्या जादा गाड्यांचे आरक्षण कधी सुरू होणार, एवढेच त्याला हवे असते. शेजारच्या संगणकावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी हेच दोन शब्द टाइप करते. तिला अनुसूचित जमातींच्या राखीव जागांविषयी वाचायचे आहे. दोघांची अक्षरे तंतोतंत सारखी, म्हणून पडद्यावर उमटणारी यादीही तीच: दोन बातम्या बसच्या, तीन राखीव जागांच्या, मग पुन्हा बस.

तिसरा वाचक शहाणा निघतो. तो 'अनुसूचित जमाती आरक्षण' असे पूर्ण लिहितो. त्याला बस दिसत नाहीत हे खरे. पण ज्या बातम्यांत वार्ताहराने फक्त 'एसटी प्रवर्ग' असे लिहिले होते, त्याही दिसत नाहीत. आणि आपल्याला काय दिसले नाही, हे त्याला कधीच कळत नाही.

यावरचा उपाय सोपा वाटतो. 'एसटी' आणि 'अनुसूचित जमाती' हे एकच, असे संगणकाला एकदा सांगून टाकायचे. पण कधी सांगायचे? बातमी संग्रहात दाखल होताना, की वाचक शोधायला येतो तेव्हा? शोधयंत्रणा बांधणारे लोक या प्रश्नावर गेली वीसेक वर्षे वाद घालत आहेत, आणि वाद पोकळ नाही.

शोधयंत्रणा वाचकाच्या प्रश्नानंतर लेख वाचायला बसत नाही. तिने ते आधीच वाचून ठेवलेले असतात आणि पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची तयार केलेली असते: प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या लेखांत आला त्यांचे क्रमांक, आणि लेखात तो कितव्या स्थानावर होता तेही. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या 'ल्यूसीन' या मुक्त प्रणालीचा गाभा हाच आहे. सोलर आणि इलॅस्टिकसर्च या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या शोधयंत्रणा तिच्यावरच उभ्या आहेत. शोध म्हणजे या सूचीत शब्द पाहणे. तो शब्द सूचीत नसेल तर लेख असून नसल्यासारखा.

ग्रंथालयात कार्डांचे कप्पे होते तेव्हाही हा पेच होताच. टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाचे कार्ड कुठे ठेवायचे? एक रीत अशी, की टोपणनावाखाली एक आणि खऱ्या नावाखाली एक, अशी दोन पूर्ण कार्डे करायची. दुसरी अशी, की पूर्ण कार्ड एकच करायचे आणि दुसऱ्या जागी '… पाहा' एवढी चिठ्ठी ठेवायची. पहिल्या रीतीत मेहनत ग्रंथपालाची, दुसरीत वाचकाची. संगणकातही दोन वाटा याच आहेत. सूची बांधतानाच दोन्ही शब्द लिहून ठेवायचे, किंवा सूची जशीच्या तशी राहू द्यायची आणि वाचकाने शब्द टाकला की त्याच्याबरोबर दुसराही शोधायचा. सोयीसाठी पहिलीला सूचीवेळची वाट म्हणू, दुसरीला शोधावेळची.

बसपेक्षा सोप्या उदाहरणावर आधी दोन्ही तपासून पाहू. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. समजा, संग्रहात एक लाख लेख आहेत, त्यातल्या नऊ हजारांत 'अहमदनगर' आहे आणि नामांतरानंतरच्या नव्वद लेखांत 'अहिल्यानगर'. यंत्रणेच्या समानार्थी शब्दांच्या फायलीत एक ओळ वाढवायची आहे:

```
अहमदनगर, अहिल्यानगर
```

शोधावेळच्या वाटेने हे काम काही मिनिटांचे आहे. इलॅस्टिकसर्चमध्ये ही फाइल शोधावेळी वापरायची म्हणून आधीच नोंदवली असेल, तर नवी ओळ लिहून `_reload_search_analyzers` ही आज्ञा दिली की पुढच्या शोधापासून दोन्ही नावे एकत्र चालतात. संग्रहातल्या एकाही लेखाला हात लागत नाही. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनची पहिली बस पुणे ते अहमदनगर धावली. त्याविषयीचा जुना लेख 'अहिल्यानगर' शोधणाऱ्यालाही त्याच दिवशी सापडू लागतो, आणि लेखातले नाव जसे छापले होते तसेच राहते.

सूचीवेळच्या वाटेने तीच ओळ फाइलमध्ये घातली तर जुन्या लेखांवर तिचा काहीही परिणाम होत नाही. त्यांची सूची बांधून झालेली असते. त्यानंतर दाखल होणाऱ्या लेखांना मात्र दोन्ही नावे लागतात. म्हणजे संग्रहाचे दोन तुकडे पडतात, आणि वाईट हे की कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. 'अहमदनगर' शोधले तर जुने-नवे सगळे मिळतात. 'अहिल्यानगर' शोधले तर फक्त नवे. सगळे लाखभर लेख पुन्हा सूचीत चढवल्याशिवाय हे दुरुस्त होत नाही. लाखभर लेखांचे काम एका रात्रीत उरकेलही. कोट्यवधी नोंदी असतील तर तोच वेगळा प्रकल्प होतो, आणि म्हणून शब्दांची फाइल सुधारायचीच नाही अशी सवय लागते. सूचीवेळच्या वाटेचा खरा तोटा डिस्कवरच्या जागेत नाही, या आळसात आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने मात्र हा आळस केला नाही. वैद्यकीय शोधनिबंधांना प्रमाण विषयनामे लावण्याचे काम ते १९६० च्या दशकापासून करत आले आहे. निबंधात 'हार्ट ॲटॅक' असो वा आणखी काही, विषयनाम 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' हेच लागणार. ही झाली सूचीवेळची वाट, तीही कित्येक दशके प्रशिक्षित माणसांच्या हातून. विषयनामांची यादी दरवर्षी सुधारते, तेव्हा वर्षाअखेरीस जुन्या नोंदींमधली बदललेली नामेही सुधारली जातात. शिवाय त्यांच्या 'पबमेड' या शोधस्थळावर शोधावेळची वाटही आहे. तिथे 'heart attack' टाकून शोधाचा तपशील उघडला की यंत्रणेने आपले दोन शब्द किती लांबवले ते दिसते: प्रमाण विषयनाम, त्या विषयनामातले शब्द, आणि आपले मूळ शब्द, सगळे 'किंवा'ने जोडलेले. मूळ शब्द कायम ठेवण्याचे कारण व्यवहारी आहे. ज्या निबंधाला अजून विषयनाम लागलेले नाही, तोही सुटू नये.

मग शोधावेळचीच वाट सरसकट का घेऊ नये? अडचण क्रमवारीत येते. यंत्रणा नुसते लेख शोधत नाही, कोणता वर दाखवायचा तेही ठरवते, आणि त्या हिशेबात दुर्मीळ शब्दाला जास्त भाव असतो. 'आणि' हा शब्द जुळला यात विशेष काही नाही; 'गोनीदां' जुळला तर आहे. ल्यूसीनच्या आजच्या नेहमीच्या सूत्रात हा दुर्मीळपणाचा भाव असा काढतात, एकूण लेख `N` आणि शब्द असलेले लेख `n`:

```
ln(1 + (N - n + 0.5) / (n + 0.5))
```

आपल्या संग्रहात 'अहमदनगर'चा भाव येतो सुमारे २.४, आणि 'अहिल्यानगर'चा सुमारे ७. फरक जवळजवळ तिप्पट. म्हणजे वाचकाने 'अहमदनगर' टाइप केले आणि यंत्रणेने पाठीमागून 'अहिल्यानगर' जोडले, तर वाचकाने न टाइप केलेल्या नावाचे नव्वद लेख उड्या मारत वर येतात. त्या लेखांत नगरबद्दल जास्त माहिती असते असे नाही, शब्द नवा आहे एवढेच. मोठी गंमत अशी, की दोन्ही नावांचा अर्थ एकच आहे हे यंत्रणेला सांगितले होते आपणच, पण भाव काढताना तिने ते मनावर घेतले नाही.

सूचीवेळच्या वाटेवर ही अडचण आपोआप सुटते. प्रत्येक लेखात दोन्ही नावे असल्याने दोघांचा भाव सारखाच. शोधावेळच्या बाजूला यावर वेगळा इलाज करावा लागला. ल्यूसीनमध्ये आता समानार्थी शब्दांचा गट एकच शब्द समजून मोजण्याची सोय आहे: गटातल्या सर्वांत सामान्य शब्दाची लेखसंख्या सगळ्यांसाठी धरायची. मग दोन्ही नावांना २.४ मिळते. पण ही सोय एकेका शब्दाच्या जोडीला लागू पडते. 'औरंगाबाद' आणि 'छत्रपती संभाजीनगर' अशी जोडी आली की एका बाजूला एक शब्द आणि दुसऱ्या बाजूला दोन, आणि तिथून गाडे अडखळू लागते.

हे अडखळणे 'एसटी'च्या बाबतीत नीट दिसते. मथळा घ्या: 'एसटी आरक्षण लागू करा'. सूचीत स्थाने पडतात एसटी १, आरक्षण २, लागू ३, करा ४. आता सूचीवेळी 'अनुसूचित जमाती' हे दोन शब्द एसटीच्या जागी घालायचे आहेत. 'अनुसूचित' बसते १ वर. 'जमाती' कुठे? १ नंतर २, आणि तिथे 'आरक्षण' आधीच बसलेले. 'एसटी'चा पर्याय दोन शब्दांएवढा रुंद आहे, हे टिपून ठेवायला ल्यूसीनच्या सूचीत रकानाच नाही; ती फक्त शब्द कुठे सुरू होतो एवढे ठेवते.

परिणाम मजेशीर आहेत. 'अनुसूचित जमाती आरक्षण' असे अवतरणचिन्हांत, म्हणजे सलग शब्द म्हणून शोधले, तर हा मथळा सापडत नाही. कारण 'आरक्षण' ३ वर असायला हवे आणि ते आहे २ वर. उलट 'अनुसूचित जमाती लागू' असे शोधले तर सापडतो, कारण १, २, ३ बरोबर लागतात. कोणीही कधीच न लिहिलेला शब्दसमूह सापडतो आणि लोक खरोखर शोधतील तो हुकतो. स्थाने सरकवून पाहिली तरी चूक फक्त जागा बदलते: 'आरक्षण' ३ वर नेले तर मूळचे 'एसटी आरक्षण' तुटते.

शोधावेळी हा तिढा नाही. तिथे वाचकाचे वाक्य यंत्रणेच्या हातात असते आणि त्याचा फाटे फुटलेला रस्ता काढता येतो: एका वाटेने 'एसटी', दुसरीने 'अनुसूचित' मग 'जमाती', आणि दोन्ही वाटा पुढे 'आरक्षण'पाशी मिळतात. ही सोयही उशिराच आली. बरीच वर्षे ल्यूसीनचा नेहमीचा वाक्य-वाचक आधी रिकाम्या जागांवर वाक्य तोडायचा आणि मग एकेक शब्द समानार्थींच्या फायलीकडे पाठवायचा. 'अनुसूचित' वेगळा गेला, 'जमाती' वेगळा गेला. दोघांची जोडी फायलीला कधी दिसलीच नाही. २०१७ च्या सुमारास फाट्यांसह रस्ता काढणारी गाळणी आली आणि वाक्य न तोडण्याची सोयही झाली, तेव्हा अनेक शब्दांचे पर्याय शोधावेळी नीट चालू लागले. जुन्या सल्ल्यांमध्ये 'समानार्थी शब्द सूचीवेळीच घाला' असे ठासून लिहिलेले आढळते. ते तेव्हाच्या अडचणीपोटी होते. आज ते प्रमाण मानू नये.

मराठीत आणखी एक खाच आहे, विभक्तीची. बातमीत नुसते 'एसटी' क्वचितच असते. 'एसटीने', 'एसटीच्या', 'एसटीत' असे असते. समानार्थींची गाळणी प्रत्यय काढण्याच्या टप्प्याआधी ठेवली तर 'एसटीने' हा शब्द तिच्या ओळखीचा नसतो आणि ती गप्प बसते. नंतर ठेवली तर फायलीतल्या शब्दांचेही प्रत्यय त्याच पद्धतीने काढलेले असावे लागतात. नाहीतर फायलीत 'जमाती' आणि प्रवाहात 'जमात', दोघांची भेटच होत नाही. इलॅस्टिकसर्च ही काळजी स्वतः घेते: साखळीत आधी असलेल्या गाळण्यांतून फायलीतल्या ओळीही काढते. तरी `_analyze` ही आज्ञा देऊन एखाद्या वाक्याचे अखेरीस कोणते शब्द झाले ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी त्यावर विसंबू नये.

आता मूळ तक्रार. इतके सगळे जमले तरी 'एसटी' म्हणजे बस की जमात, हे ठरत नाही.

आद्याक्षरांच्या बाबतीत ही जुनी डोकेदुखी आहे. इंग्रजीत AIDS हा आजार आणि 'hearing aids' मधले aids म्हणजे उपकरणे. सगळी अक्षरे लहान करून घेतली, जे जवळजवळ प्रत्येक यंत्रणा करते, की दोन्ही एक. मोठ्या लिपीतले IT तर सर्वनामात विरघळून 'निरुपयोगी शब्द' म्हणून गाळलेही जाऊ शकते. पबमेड याला तोंड देते ते लांब शब्दसमूह आधी जुळवून: 'hearing aids' हा सबंध विषय म्हणून ओळखला गेला की आजाराकडे जायचे कारण उरत नाही. देवनागरीत तर मोठी-लहान लिपीच नाही. आद्याक्षरी आली हे सांगणारी बाहेरची खूण नाही.

शोधावेळी यंत्रणेच्या हातात दोन-तीन शब्द असतात. 'एसटी आरक्षण' यावरून कोणत्याही माणसालाही अर्थ ठरवता येणार नाही. पण लेख हातात घेतला तर शाळकरी मुलगाही सांगेल. आगार, वाहक, फेऱ्या, तिकीट हे शब्द आसपास असले की बस. प्रवर्ग, दाखला, आदिवासी, धनगर समाजाची मागणी असे असले की जमात. म्हणजे एकापेक्षा जास्त अर्थांच्या लघुरूपाचा उलगडा करण्याची योग्य जागा सूचीवेळची आहे, कारण संदर्भ तिथेच पुरेसा असतो. सरसकट पर्याय लिहायचे नाहीत. अर्थ ठरवून त्या लेखापुढे `st_bus` किंवा `st_tribe` अशी खूण सूचीत टाकायची. मग शोधावेळी यंत्रणा दोन गट वेगळे दाखवू शकते आणि कोणता हवा ते वाचक ठरवतो.

पुष्कळदा लेखक स्वतःच उलगडा करून ठेवतो. पहिल्यांदा पूर्ण नाव आणि कंसात लघुरूप, मग पुढे फक्त लघुरूप. एरियल श्वार्ट्झ आणि मार्टी हर्स्ट यांनी २००३ मध्ये वैद्यकीय निबंधांतल्या अशा जोड्या पकडण्याची एक साधी रीत मांडली: कंसातली अक्षरे उजवीकडून डावीकडे घ्यायची आणि आधीच्या शब्दांत क्रमाने सापडतात का ते पाहायचे. मराठी मुळाच्या लघुरूपांना ही कल्पना छान लागू पडते. 'मनपा'चे पा, न, म हे 'महानगरपालिका' या शब्दात उलट क्रमाने सापडतात, 'मनसे'चेही तसेच. पण 'एसटी' हे इंग्रजी अक्षरांच्या नावांचे देवनागरी रूप आहे. 'अनुसूचित जमाती'त ना 'एस' आहे ना 'टी', म्हणून रीत हात टेकते. तिथे माणसाने जपलेली यादीच लागते: एसटी, एससी, पीएमसी. त्यातली पीएमसी पुण्याची महापालिकाही असते आणि २०१९ मध्ये निर्बंध आलेली बँकही.

गावांच्या नावांतही हा सापळा आहे. 'औरंगाबाद' आणि 'छत्रपती संभाजीनगर' यांची दुतर्फा जोडी करून टाकली की बिहारमधले औरंगाबादही तिच्यात ओढले जाते. ते अजून औरंगाबादच आहे. अशा वेळी जोडी एकतर्फी ठेवावी: नवे नाव शोधणाऱ्याला जुन्या नावाचेही लेख द्यावेत, जुने नाव शोधणाऱ्यावर नवे लादू नये. अशी एकतर्फी ओळ शोधावेळी लिहिणे आणि चूक झाली तर पुसणे दोन्ही सोपे.

सूचीवेळी न घाबरता टाकावे असे काय उरते? जे कधी बदलणार नाही आणि ज्याचा दुसरा अर्थ नाही ते. मराठी आणि रोमन अंक एकाच रूपात आणणे हे त्यातले पहिले. ल्यूसीनमध्ये त्यासाठी गाळणी तयार आहे, आणि ती सूचीवेळी व शोधावेळी दोन्हीकडे लावायची असते. 'सात बारा' आणि 'सातबारा' यांचे एकच रूप करणेही चालते. '७/१२' मात्र दिसते तेवढे निरुपद्रवी नाही. यंत्रणेचा शब्द तोडणारा टप्पा तिरकी रेघ पाहून त्याचे ७ आणि १२ असे दोन तुकडे करतो, म्हणून ते त्याआधीच जोडावे लागते. आणि सरसकट जोडले तर वर्तमानपत्रातली सात डिसेंबर ही तारीखही जमिनीच्या उताऱ्यात जाऊन बसते. पुढेमागे 'उतारा', 'तलाठी', 'गट क्रमांक' असेल तरच जोडावे, म्हणजे पुन्हा लेखाचा संदर्भ, म्हणजे पुन्हा सूचीवेळ.

बाकीचे सगळे, विशेषतः माणसांनी ठरवलेली आणि माणसे बदलू शकतील अशी नावे, शोधावेळीच ठेवावीत. त्याची किंमत म्हणून प्रत्येक शोध थोडा जड होतो. चार शब्दांच्या वाक्यात प्रत्येकाला तीन पर्याय दिले तर यंत्रणा चारऐवजी सोळा याद्या चाळते. वर्तमानपत्राच्या संग्रहाला हा भार जाणवतही नाही.

एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा सरकारी खात्याच्या शोधपेटीची परीक्षा घ्यायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. आधी 'अहमदनगर' टाका, मग 'अहिल्यानगर', आणि दोन्ही वेळचा निकालांचा आकडा लिहून घ्या. आकडे सारखे आले तर जोडी दुतर्फा चालते आहे. 'अहिल्यानगर'चा आकडा लहान आला तर बहुधा जुने लेख पुन्हा सूचीत चढवायचे राहिले आहेत, किंवा ती ओळ फायलीत कोणी लिहिलेलीच नाही. त्या दोन आकड्यांसह संबंधितांना पत्र लिहा.